निशाणी 22 की 23?

सत्र न्यायालयाने खुनाच्या खटल्यात जन्मठेप दिली आणि आरोपीने अपील केले, की खटल्याचे सगळे दप्तर उच्च न्यायालयात मागवले जाते. त्यातून पेपरबुक तयार होते. त्याची अनुक्रमणिका करणाऱ्याला निकालपत्राच्या शेवटची पुराव्याची यादी हाताशी असते. ती तशीच उतरवून घेण्याचा मोह होतो आणि चुका तिथेच शिरतात.

महाराष्ट्रात निशाणी क्रमांक केवळ पुराव्याला पडत नाही. दोषारोप, तारीख वाढवून मागणारा अर्ज, साक्ष, पंचनामा असे सगळे एकाच ओळीत क्रमांक घेत जातात. दिवाणी दाव्यातल्या तात्पुरत्या मनाईच्या अर्जाला वकील सर्रास ‘निशाणी 5’ म्हणतात, ते यामुळेच. म्हणून पुराव्याच्या यादीत 26 नंतर एकदम 31 आले, तरी कागद गहाळ झाले असे लगेच समजू नये. मधले आकडे अर्जांकडे गेलेले असतात. रोजनामा आणि दप्तराची यादी पाहिली की खात्री होते. इतर अनेक राज्यांत फिर्यादी पक्षाच्या कागदांना पी-1, बचावाच्या कागदांना डी-1 अशा वेगळ्या खुणा असतात. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांसाठी आखून दिलेल्या मसुदा नियमांतही तीच रीत आहे.

खरी यादी साक्षींतून निघते. समजा, साक्षीदार क्रमांक 3 हा पंच आहे. ‘मला दाखवलेल्या पंचनाम्यावर माझी सही आहे, मजकूर बरोबर आहे,’ असे तो सांगतो आणि पंचनाम्याला निशाणी 22 पडते. निकालाच्या यादीत मात्र तोच पंचनामा 23 म्हणून छापला गेला आहे. अशा वेळी मूळ कागदावरचा न्यायाधीशांच्या सहीचा शेरा पाहायचा. तिथेही 22 असेल तर अनुक्रमणिकेत 22 घ्यायचा आणि निकालातल्या फरकाची टीप द्यायची. कागद आणि साक्ष यांतच मेळ नसेल, तर दोन्ही आकडे जसेच्या तसे नोंदवून तो फरक न्यायालयाच्या नजरेस आणावा; खाडाखोड करण्याचा अधिकार कोणालाच नाही.

सर्वांत सहज सुटतो तो पोलीस जबाबातला विसंगत भाग. उलटतपासात साक्षीदार क्रमांक 4 म्हणतो, ‘असे मी पोलिसांना सांगितले नव्हते.’ तेवढ्या मजकुराला ‘भाग अ’ अशी खूण होते. ही खूण म्हणजे पुरावा नव्हे. पुढे तपास अधिकारी साक्षीला येतो, साक्षीदाराने तसेच सांगितले होते असे शपथेवर सांगतो, आणि मग त्या भागाला निशाणी मिळते, समजा 47. म्हणजे एकाच ओळीची नोंद दोन साक्षींत विखुरलेली असते आणि बचावाचा मुख्य मुद्दा कधी कधी तिच्यावरच उभा असतो. अनुक्रमणिकेत तिच्यासमोर दोन्ही साक्षींची पाने हवीत. तपास अधिकाऱ्याला तो प्रश्न विचारलाच गेला नसेल, तर ‘भाग अ’समोर निशाणीचा रकाना रिकामा ठेवायचा.