उसळी वेगळी, थरथर वेगळी

या आठवड्यात टायरच्या आडव्या पकडीकडे वळायचे ठरले होते. ते पुढच्या लेखावर ढकलतो आहे. चार किरणांवर उभी केलेली गाडी थांबतच नाही, वरखाली होत राहते, अशी तक्रार अनेक वाचकांनी कळवली आहे आणि जवळजवळ सगळ्यांनी उपाय एकच केला आहे: डॅम्पिंगचा आकडा वाढवत नेणे. त्याने काहींची गाडी शांत झाली, तर काहींची आणखी बिघडली. औषध एकच आणि परिणाम उलटे, म्हणजे रोग दोन असले पाहिजेत. एक डॅम्पिंग कमी पडल्याने होतो, दुसरा ते जास्त झाल्याने. आपल्या गाडीला कोणता जडला आहे हे ओळखल्याशिवाय आकड्यांना हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे.

ओळखायला सोपे जावे म्हणून एक गाडी घेऊ. वजन १२०० किलो, चाके चार, म्हणजे प्रत्येक चाकाच्या वाट्याला ३०० किलो. गुरुत्वाकर्षणामुळे प्रत्येक स्प्रिंगवर २९४० न्यूटन भार येतो. उभी असताना गाडी किती दबलेली दिसावी, हे आपण आधी ठरवायचे. समजा १० सेंटिमीटर. मग स्प्रिंगचा ताठरपणा निवडायचा उरतच नाही: २९४० भागिले ०.१, म्हणजे २९,४०० न्यूटन प्रति मीटर. हा आकडा हाताशी आला की डॅम्पिंगची कमाल मर्यादाही ठरते. गाडी एकही हेलकावा न घेता जागेवर येईल असे क्रांतिक डॅम्पिंग म्हणजे ताठरपणा गुणिले वस्तुमान, त्याचे वर्गमूळ, आणि त्याची दुप्पट. आपल्या गाडीसाठी ते प्रत्येक चाकामागे सुमारे ५,९४० येते. त्याचा ०.४ पट भाग घेतला तर सुमारे २,४००. एवढ्यावर १० सेंटिमीटरचा हेलकावा एका आवर्तनात सेंटिमीटरच्याही आत येतो. हेच डॅम्पिंग कोणी ३०० ठेवले, तर प्रत्येक आवर्तनाला हेलकाव्याचा जेमतेम चौथा हिस्सा कमी होतो आणि गाडी चार-पाच सेकंद डुलत राहते. खड्ड्यांच्या रस्त्यावर पहिली उसळी विरण्याआधीच दुसरी येते, म्हणून ती कधीच थांबत नाही असे वाटते.

हा झाला पहिला रोग. त्याची खूण म्हणजे संथ, डोळ्यांनी मोजता येणारी लय: आपल्या गाडीत एका आवर्तनाला सुमारे ०.६३ सेकंद. विशेष म्हणजे ही लय वजनावर अवलंबून नाही, उभ्या गाडीच्या दबण्यावर आहे. १० सेंटिमीटर दबणारा ट्रक आणि १० सेंटिमीटर दबणारी मोटार एकाच लयीत डुलतात. म्हणून दुसऱ्याच्या गाडीचा ताठरपणा जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही. युनिटीत नव्या रिजिडबॉडीचे वस्तुमान १ किलो असते. त्यावर २९,४०० ची स्प्रिंग लावली तर पहिल्याच ठोक्यांत गाडी आभाळात जाते, आणि दोष डॅम्पिंगला दिला जातो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. क्रांतिक डॅम्पिंगने हेलकावा उरतच नसेल, तर थेट ५,९४० का घेऊ नये? कारण डॅम्पर फक्त गाडीचा हेलकावा अडवत नाही. चाकाखाली अचानक उंचवटा आला की तो वेगाने दाबला जातो आणि तो धक्का तसाच वर पोहोचवतो. गाडी स्थिर दिसते, पण प्रत्येक खडा जाणवतो. ०.३ ते ०.५ पटीत हेलकावा पुरेसा मरतो आणि रस्ताही थोडा गिळला जातो. दुसरा आक्षेप बुलेट इंजिन वापरणाऱ्यांचा. त्याच्या मार्गदर्शनात चांगली मूल्ये ०.१ ते ०.३ सांगितली आहेत, मग माझी जास्त का? तिथे प्रत्येक चाकाचे बल सबंध गाडीच्या वस्तुमानाने गुणले जाते आणि डॅम्पिंगचे सूत्रही त्याच हिशेबात आहे. चार चाके एकत्र धरली तर त्या सूत्राने येणारे डॅम्पिंग खऱ्या क्रांतिकाच्या दुप्पट भरते. म्हणजे तिथले ०.२ हे इथले ०.४. भांडण नाही, मोजपट्टी वेगळी आहे.

आता दुसरा रोग. फिजिक्सचा एक ठोका ०.०२ सेकंदाचा धरू. डॅम्पर ठोक्याच्या सुरुवातीचा वेग पाहून बल ठरवतो आणि ते बल ठोकाभर तसेच लागू राहते. डॅम्पिंग गुणिले ०.०२ भागिले ३०० हा आकडा १ च्या वर गेला की वेग नुसता कमी होत नाही, त्याची दिशाच उलटते. आपल्या गाडीत ही हद्द १५,००० ला येते. ३०,००० च्या जवळपास तर उलटलेला वेग मूळ वेगाहून मोठा होऊ लागतो. बल ऋण होऊ न देण्याची खबरदारी आपण घेतलेली असते, म्हणून गाडी उडून जात नाही, पण जागच्या जागी थरथरते. या थरथरीला डोळ्यांनी मोजता येईल अशी लय नसते. प्रत्येक ठोक्याला वर, पुढच्याला खाली. ती पाहून डॅम्पिंग वाढवणे म्हणजे आगीत तेल ओतणे. ठोका लहान केला तर थरथर जाते, हे खरे. पण त्याची किंमत सबंध खेळ मोजतो, आणि २,४०० वर हा आकडा ०.१६ असल्याने गरजही पडत नाही.

दोन्ही आकडे बरोबर असूनही गाडी नाकावर डुलत राहिली, तर डॅम्पर कोणता वेग वाचतो ते तपासा. सबंध गाडीचा वेग चारही चाकांना दिला तर चारही डॅम्पर सारखेच बल लावतात. वरखालीचा हेलकावा मरतो, पण ब्रेकनंतर नाक खाली-वर होते त्याला कोणी अडवत नाही. वेग चाकाच्या बिंदूवरचाच हवा:

```csharp
float x = restLength + radius - hit.distance;
float v = Vector3.Dot(rb.GetPointVelocity(mount.position), hit.normal) / Vector3.Dot(mount.up, hit.normal);
float f = Mathf.Max(0f, k * x - c * v);
rb.AddForceAtPosition(mount.up * f, mount.position);
```

पुढच्या लेखात आडवी पकड नक्की घेतो. तोवर वाचकांनी एक चाचणी करून पाहावी. `c` शून्य करा, गाडी थोड्या उंचीवरून सोडा, पण चाके जमीन सोडणार नाहीत इतपतच, आणि दहा आवर्तने घड्याळावर मोजा. उभी असताना ती १० सेंटिमीटर दबत असेल, तर सव्वासहा सेकंदांच्या आसपास वेळ लागला पाहिजे. तसा लागला नाही, तर डॅम्पिंगला हात लावू नका. चूक ताठरपणात, वस्तुमानात किंवा किरणाच्या लांबीत आहे.