सोमवार रात्रीची वही

स्वयंपाकघरात भरदुपारी झुरळ दिसलं, तर काळजी त्या एका झुरळाची नसते. झुरळं रात्री हिंडतात, दिवसा फटीत बसून राहतात. फटीत दाटी झाली किंवा खाणं-पाणी कमी पडलं, तरच ती उजेडात येतात. म्हणजे गिऱ्हाइकाला झुरळ दिसेपर्यंत मालकाला बराच उशीर झालेला असतो. म्हणून चहाच्या टपरीची किंवा छोट्या उपाहारगृहाची तपासणी रात्री करायची, तीसुद्धा दुकान धुऊन-पुसून झाल्यावर.

इंदूरला आमचं पोहे, साबुदाणा खिचडी आणि चहाचं छोटं दुकान आहे. ते काका चालवतात. सोमवार रात्रीची तपासणी आणि तिची वही गेल्या वर्षापासून माझ्याकडे आहे. सोमवारच का, तर मंगळवारी दुकान बंद असतं. रात्री काही सापडलं तर ते हलवायला, धुवायला, बुजवायला दुसरा दिवस हाताशी राहतो. तुमची सुट्टी ज्या दिवशी असेल, तिच्या आदली रात्र धरा. मात्र वार आणि वेळ बदलू नका, नाहीतर मागच्या आठवड्याशी तुलना करता येत नाही.

पद्धत साधी आहे. साडेनऊला दुकान बंद होतं, दहापर्यंत भांडी आणि फरशी होते. गॅसचा रेग्युलेटर बंद करायचा, सगळे दिवे घालवायचे आणि बाहेर येऊन अर्धा तास थांबायचं. आत पुन्हा पाऊल ठेवताना दिवा लावायचा नाही. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद रबरबँडने बसवायचा. झुरळांना लाल उजेड फारसा जाणवत नाही, त्यामुळे ती लगेच पळत नाहीत आणि कुठून येतात, कुठे जातात ते दिसतं. आधी पाण्याच्या जागा बघायच्या: सिंकखाली, मोरीच्या जाळीपाशी. मग उबेच्या जागा: फ्रिजची मोटर, मिक्सरच्या मागे, भट्टीच्या बाजूची भिंत. शेवटी अंधाऱ्या फटी. फ्रिजच्या मागे काही चाचपायचं असेल तर आधी प्लग काढायचा.

पण डोळ्यांनी बघणं अपुरं पडतं. एखाद्या रात्री चार दिसतात, दुसऱ्या रात्री एकही नाही, आणि त्यावरून काही ठरवता येत नाही. म्हणून आम्ही आठ ठिकाणी चिकट सापळे ठेवतो. बाजारात मिळणारे साधे पुठ्ठ्याचे, आत गोंद असलेले. ते भिंतीला अगदी चिकटवून ठेवायचे, कारण झुरळ मोकळ्या फरशीवरून जात नाही, कडेकडेने जातं. प्रत्येक जागेला नंबर द्यायचा आणि तो भिंतीवरही लिहायचा. आमच्याकडे चार नंबर फ्रिजमागे आहे, सहा नंबर चहाच्या स्टीलच्या टेबलाखाली. गोंदावर धूळ किंवा वाफ बसली की सापळा काही पकडत नाही आणि रिकामा सापळा बघून माणूस उगाच खूश होतो. म्हणून बदलल्याची तारीख सापळ्यावरच लिहायची. सापळ्यांनी झुरळं संपत नाहीत, हेही लक्षात असू द्या. ते फक्त मोजण्यासाठी.

आता वही. एका ओळीत तारीख, वेळ, जागेचा नंबर. मग मोठी किती, पिल्लं किती, हे वेगवेगळं. मोठं झुरळ बाहेरून, एखाद्या खोक्यातून आलेलं असू शकतं. पंख नसलेली बारीक पिल्लं मात्र जन्मल्या जागेपासून फार लांब जात नाहीत. एका सापळ्यात दहा पिल्लं आणि एक मोठं असेल, तर घरटं हातभर अंतरावर आहे असं समजायचं. त्यापुढे त्या जागेची स्थिती लिहायची: ओली की कोरडी, खरकटं आहे का, मिरपुडीसारखे काळे ठिपके आहेत का, अंड्यांची तपकिरी डबी सापडली का. शेवटी काय केलं ते. काही सापडलं नाही तर शून्य लिहायचं. रिकामी जागा सोडली तर महिन्याने कळत नाही, की काही नव्हतं की बघितलंच नव्हतं.

झुरळाची जातही लिहावी. स्वयंपाकघरात वाढतं ते छोटं, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेलं जर्मन झुरळ. बोटाएवढं लालसर मोठं असतं ते गटारातून येतं, पहिल्या पावसानंतर हमखास. त्याच्यासाठी मोरीची जाळी बदलावी लागते. फ्रिजमागे औषध लावून ते थांबत नाही.

वही सुरू केली तेव्हा दुकानात वातावरण तापलेलं होतं. एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने ओट्यावर झुरळ बघितलं होतं. काकांचा संशय दोघांवर होता: जुना फ्रिज, आणि रात्रीची साफसफाई करणारा नवा माणूस. त्या दादांना महिनाअखेर नको म्हणून सांगायचं, असं जवळजवळ ठरलं होतं.

पहिल्या सोमवारी आठ सापळ्यांत मिळून तेवीस झुरळं निघाली. फ्रिजमागे नऊ, त्यात सात पिल्लं. चहाच्या टेबलाखाली अकरा, त्यात दहा पिल्लं. उरलेली तीन इकडेतिकडे. दोन्ही ठिकाणी आम्ही झुरळांचं जेल लावलं. मसुराच्या दाण्याएवढे ठिपके, फटीच्या तोंडाशी, अन्नाला आणि हाताला लागणार नाहीत असे. एक मोठा गोळा लावण्यापेक्षा लांब लांब दहा ठिपके बरे. दुसऱ्या सोमवारी फ्रिजमागे चार, टेबलाखाली बारा. तिसऱ्या सोमवारी फ्रिजमागे एक, टेबलाखाली दहा.

हे तीन आकडे शेजारी लिहिल्यावर फ्रिजचा प्रश्न सुटला. तिथे जेल खाल्लं जात होतं आणि झुरळं कमी होत होती. फ्रिज विकण्याचं काही कारण नव्हतं. टेबलाखाली मात्र तेच जेल, तोच हात, आणि फरक शून्य. स्थितीच्या रकान्यात तिन्ही आठवडे मी लिहिलं होतं: ‘फरशी कोरडी, चहाच्या चोथ्याची बादली बाहेर, साखर सांडलेली नाही.’ म्हणजे खाणं उघडं पडतंय म्हणून झुरळं जेल खात नाहीत, असं नव्हतं. साफसफाई नीट होत होती. काकांनी वही दोनदा वाचली, आणि त्या दादांना काढायचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्याच रकान्यात आणखी एक नोंद होती: ‘जेल वाळून कडक.’ टेबलावर भट्टी चालते, खालचा पत्रा दिवसभर गरम राहतो, आणि वाळलेल्या जेलला झुरळ तोंड लावत नाही. एक कारण सापडलं, पण घरटं कुठे ते कळलं नव्हतं. चौथ्या आठवड्यात मी टेबलाच्या चारही पायांशी एकेक सापळा ठेवला. सोमवारी तीन पायांशी मिळून दोन झुरळं होती, आणि भिंतीकडच्या डाव्या पायाशी नऊ.

स्टीलच्या टेबलाचे पाय पोकळ नळीचे असतात. खाली रबराचं टोपण असतं. त्या पायाचं टोपण अर्धं तुटलेलं होतं आणि नळीच्या तोंडाशी काळे ठिपके होते. आत अंधार, वर भट्टीची ऊब, दोन हातांवर सिंकचं पाणी. झुरळाला याहून चांगलं घर मिळणार नाही. इतके दिवस फडका त्या पायाच्या बाहेरून फिरत होता, पण आत कुणाचा हात जाणार?

मंगळवारी आम्ही टेबल मागच्या अंगणात नेऊन उलटं केलं. चारही नळ्यांमध्ये उकळतं पाणी ओतलं, प्रत्येकीत साधारण दोन लिटर. हे काम मोठ्या माणसाने, बूट आणि जाड हातमोजे घालून करायचं, कारण पाणी उसळून अंगावर येतं. टेबलाच्या दुमडलेल्या कडाही ब्रशने घासल्या, तिथेही अंड्यांच्या दोन डब्या होत्या. नळ्या वाळल्यावर आत, तोंडापाशी, जेलचा एकेक ठिपका लावला आणि नवी टोपणं बसवली.

पाचव्या सोमवारी टेबलाखाली तीन, सहाव्या सोमवारी चार, सगळी पिल्लं. काका म्हणाले, ‘काही उपयोग झाला नाही गं.’ पण मोठं एकही नव्हतं, हे महत्त्वाचं. जर्मन झुरळाची मादी अंड्यांची डबी जवळजवळ फुटेपर्यंत अंगावरच वागवते आणि एका डबीतून तीस-चाळीस पिल्लं निघतात. डबीच्या आत औषध पोहोचत नाही. त्यामुळे मोठी मेल्यावरही काही आठवडे पिल्लं दिसत राहतात. ती मोठी होण्याआधी संपतात की नाही, एवढंच बघायचं असतं. जेल ताजं करत राहिलो. सातव्या आठवड्यात एक, आठव्यात शून्य, नवव्यात शून्य.

मधल्या काळात तीन महिन्यांनी येणारे फवारणीवाले आले होते. ते सगळीकडे फवारतात, आणि फवारलेल्या जागी लावलेलं जेल झुरळं टाळतात. मी त्यांना वही दाखवली आणि चार व सहा नंबरच्या आसपास फवारू नका असं सांगितलं. त्यांनी हुज्जत घातली नाही. आकडे समोर असले की बोलणं सोपं जातं. त्यांनी कुठे, कोणतं औषध मारलं, त्याचं नावही आता तारखेसह वहीत असतं.

उंदरांसाठी एवढंच करते: मागच्या दाराशी फरशीवर टाल्कम पावडरचा पातळ पट्टा टाकते आणि सकाळी पावलं बघते. दाराखालच्या फटीत साधी पेन्सिल सरकत असेल तर उंदराचं पिल्लूही येऊ शकतं, ती फट आधी बुजवायची.

दहाव्या सोमवारची नोंद अशी आहे: ‘रात्री १०.४०. नंबर १, दाराजवळ, मोठं १, पिल्लं ०. टोस्टची खोकी दुपारी आली. नंबर ६ शून्य.’ पुठ्ठ्याच्या पन्हाळ्यांत झुरळं आणि अंडी दोन्ही येतात. तेव्हापासून टोस्टची खोकी फुटपाथवरच उघडतो. माल डब्यात भरून आत नेतो आणि पुठ्ठा तिथूनच भंगारवाल्याला देतो.