‘तुमचं प्रोफाइल आवडलं’ म्हणणारे तिघे

मंगळवारी सकाळी नऊच्या मीटिंगला मॅनेजरच्या शेजारी एचआरची बाई दिसली आणि काय ते कळलं. अकरा मिनिटांत मीटिंग संपली. दुपारी लॅपटॉप परत करायचा खोका दारात आला. एच-१बी व्हिसावर असलेल्या माणसाची नोकरी गेली की जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवीन नोकरी, दुसरा व्हिसा किंवा परतीचं तिकीट. आईला सांगितलंच नाही. बायकोने भिंतीवरच्या कालनिर्णयवर साठाव्या दिवशी एक छोटा ठिपका केला, बस.

लिंक्डइनवर ‘ओपन टू वर्क’ केल्यावर विनंत्यांचा पाऊस पडला. त्यातल्या तीन विनंत्यांची गोष्ट सांगतो, कारण मी तिन्ही ओळखण्यात चुकलो होतो. आणि मी कॉम्प्युटर इंजिनीअर आहे बरं का!

पहिली विनंती एका रिक्रूटरची होती. स्वच्छ इंग्रजी, हसरा फोटो, पाचशेच्या वर कनेक्शन्स. माझ्या दोन जुन्या प्रोजेक्टची नावं घेऊन लिहिलेला मेसेज. घरून काम, पगार आधीपेक्षा बराच जास्त, व्हिसा ट्रान्सफर करू. दुसरी न्यूजर्सीतल्या एका स्टाफिंग कंपनीतून आली होती. ‘डिअर प्रोफेशनल’ अशी सुरुवात, तीन रंगांतली अक्षरं, आणि मी दहा वर्षांपूर्वी सोडलेल्या तंत्रज्ञानाची नोकरी. तिसऱ्या विनंतीला फोटोच नव्हता. साठेक कनेक्शन्स आणि दोन ओळींचा मेसेज: आमच्या कंपनीत अशी जागा आहे, पगार इतका ते इतका, बोलायचं का?

मी मनात लगेच निकाल लावला. पहिली खरी, दुसरी कचरा, तिसरी फसवणूक. निघालं जवळजवळ उलटं.

पहिल्या रिक्रूटरशी दोन दिवस छान बोलणं झालं. पैसे मागितले नाहीत, कागद मागितले नाहीत. गुरुवारी मुलाखत ठरली आणि आदल्या संध्याकाळी एका कोड रिपॉझिटरीची लिंक आली. ‘आमचा एक छोटा प्रोजेक्ट आहे. तुमच्या मशीनवर चालवा, त्यातली एक चूक शोधा, उद्या स्क्रीन शेअर करून बोलू.’ आमच्या धंद्यात हे अगदी नेहमीचं आहे. घरी असतो तर दोन मिनिटांत उतरवून चालवलं असतं. पण मी मुलीच्या जिम्नॅस्टिक्सच्या क्लासबाहेर गाडीत बसलो होतो, म्हणून फोनवरच कोड वाचायला घेतला.

package.json या फाइलमध्ये हे होतं:

```json
"scripts": {
  "start": "node server.js",
  "prepare": "node config/setup.js"
}
```

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रोजेक्ट उतरवल्यावर आपण `npm install` अशी आज्ञा देतो. ती लागणारे सुटे भाग आणते, एवढंच आपल्याला वाटतं. पण ‘prepare’ किंवा ‘postinstall’ या नावाने जे लिहिलेलं असेल, तेही ती न विचारता चालवते. म्हणजे प्रोजेक्ट सुरू करण्याआधीच setup.js चालणार होती. हेही पुष्कळ खऱ्या प्रोजेक्टमध्ये असतं, म्हणून ती फाइल उघडली. दहा साध्या ओळी. फक्त एक गोष्ट विचित्र होती. फोनचा स्क्रीन उजवीकडे सरकतच होता, सरकतच होता. चौथ्या ओळीच्या शेवटी शेकडो मोकळ्या जागा सोडून, कॉम्प्युटरच्या रुंद स्क्रीनवरही दिसणार नाही इतक्या लांब, कोडचा एक तुकडा चिकटवला होता. तो बाहेरच्या एका पत्त्यावरून मजकूर आणून `eval` ने तिथल्या तिथे चालवणार होता. काय आणणार ते त्या पत्त्याच्या मालकाच्या मर्जीवर!

हा प्रकार एकट्या माझ्या वाट्याला आलेला नाही. पालो अल्टो नेटवर्क्सच्या ‘युनिट ४२’ या संशोधन पथकाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अशाच मोहिमेची माहिती प्रसिद्ध केली होती. मालक म्हणून बोलायचं, मुलाखतीच्या निमित्ताने कोड चालवायला लावायचा, आणि त्यातून ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, क्रेडिट कार्डांची माहिती, क्रिप्टो वॉलेट पळवायची. संशय उत्तर कोरियाच्या हॅकर्सवर आहे. त्याआधी मार्च २०२२ मध्ये ‘अ‍ॅक्सी इन्फिनिटी’ या खेळाच्या रोनिन नेटवर्कमधून १,७३,६०० ईथर आणि अडीच कोटींहून जास्त डॉलर-नाणी गेली. त्या चोरीमागे उत्तर कोरियाचा ‘लाझारस’ गट असल्याचं एफबीआयने जाहीर केलं. सुरुवात कुठे झाली? पुढे आलेल्या बातम्यांनुसार, कंपनीतल्या एका इंजिनीअरला लिंक्डइनवरून नोकरीचं आमिष आलं, मुलाखतीच्या फेऱ्या झाल्या आणि शेवटी ऑफर लेटरची पीडीएफ आली. ती त्याने उघडली. आपल्या नागपुरातही २०१८ मध्ये क्षेपणास्त्र प्रकल्पातल्या एका तरुण अभियंत्याला अटक झाली. तेव्हाही लिंक्डइनवर परदेशी नोकरी देऊ करणाऱ्या बाईच्या नावाचं खातं आणि तिने लॅपटॉपवर टाकायला लावलेली अ‍ॅप्स, असंच पुढे आलं होतं. न्यायालयात त्या प्रकरणाचं काय झालं तो वेगळा विषय. पद्धत तीच आहे.

घरी आल्यावर मी त्या रिक्रूटरच्या प्रोफाइलवर More दाबून About this profile उघडलं. खातं २०१३ चं होतं, पण संपर्काची माहिती आणि फोटो दोन्ही अलीकडे बदललेले. म्हणजे बहुधा कोणाचं तरी खरं खातं चोरून त्यावर नवीन माणूस बसवला होता. ‘खातं जुनं आहे म्हणजे खरं’ हा समज इथेच संपतो. कंपनीचं डोमेन `whois` ने बघितलं, तर ते नोंदवून जेमतेम पाच आठवडे झाले होते, आणि वेबसाइटवर मात्र ‘दहा वर्षांचा अनुभव’. हे आधी बघायला हवं होतं. दोन मिनिटांचं काम.

तरी मनात धाकधूक होतीच. व्हिसाचे दिवस जात होते, उगाच संशय घेऊन खरी संधी घालवली तर? म्हणून मी एकच वाक्य लिहिलं: ‘अनोळखी कोड मी माझ्या मशीनवर चालवत नाही, ऑनलाइन एडिटरमध्ये मुलाखत घ्याल का?’ खऱ्या कंपनीला यात काहीच अडचण नसते, उलट पुष्कळ कंपन्या तशीच मुलाखत घेतात. इकडून उत्तर आलं की क्लायंटचा नियम आहे, आजच चालवावं लागेल, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते खातंच गायब.

कोड बघायलाच हवा असेल तर तो ब्राउझरमध्ये वाचावा, आणि चालवायचाच असेल तर ज्यात आपलं काहीही नाही अशा व्हर्च्युअल मशीनमध्ये. `npm install --ignore-scripts` लिहिलं की आपोआप चालणाऱ्या आज्ञा थांबतात, पण नंतर प्रोजेक्ट सुरू केलात तर त्यातला विषारी भाग चालणारच. व्हीएस कोड ‘या लेखकांवर विश्वास आहे का’ असं विचारतो, तेव्हाही सवयीने ‘हो’ दाबू नये. फोल्डर उघडताच काम सुरू करायची सोय त्यात आहे. आणि सध्याच्या कंपनीच्या लॅपटॉपवर तर मुळीच नको.

आता दुसरी, रंगीत अक्षरांची विनंती. तिला कचरा म्हणालो, ते निम्मं बरोबर होतं. अमेरिकेत मोठ्या कंपन्यांची कंत्राटी भरती मधल्या व्हेंडरांमार्फत होते, आणि हे लोक एकच मेसेज शेकडोंना पाठवतात. भाषा वाईट, पण मागे नोकरी खरी असू शकते. त्यांनी ‘राइट टू रिप्रेझेंट’ची संमती मागितली. सोबत जन्मतारीख, सोशल सिक्युरिटी नंबरचे शेवटचे चार आकडे आणि पासपोर्टची प्रत! चार आकडे मागायची त्या धंद्यात रीत आहे, कारण क्लायंटच्या पोर्टलवर एकच उमेदवार दोनदा येतो का ते त्यावरून पाहतात. पण पासपोर्टची प्रत कशाला? मी उलट विचारलं, क्लायंट कोण? सांगितलं नाही. क्लायंटचं नाव न कळता संमती देऊ नये, कारण त्याच जागेसाठी दुसऱ्या व्हेंडरनेही आपलं नाव पाठवलं, तर क्लायंट दोन्ही अर्ज बाजूला ठेवू शकतो. मी नम्रपणे नाही कळवलं. त्यांनी पुढचे दोन महिने मला रोज एक नोकरी पाठवली, त्यातली एक अलास्कात.

तिसरी विनंती मी नऊ दिवस उघडलीच नाही. फोटो नाही, म्हणजे खोटी! दहाव्या दिवशी बायको म्हणाली, ‘अरे, बघायला काय जातं?’ मग मेसेजमधल्या लिंकवर न जाता कंपनीच्या वेबसाइटचा पत्ता स्वतः टाइप केला. करिअर्सच्या पानावर तीच जागा, त्याच नोकरी क्रमांकासह, तोच पगार. पुण्याच्या कॉलेजातला एक मित्र त्या कंपनीत आहे, त्याला फोन केला. ‘हो, ती नवीन आहे, गेल्या महिन्यात आली, म्हणून कनेक्शन्स नाहीत.’ मी तिला कळवलं की पुढचं बोलणं कंपनीच्या ईमेलवरून करू या. तासाभरात मेल आली, पाठवणाऱ्याचा पत्ता आणि Reply-To दोन्ही कंपनीच्या डोमेनवर. फसवणुकीच्या मेलमध्ये बऱ्याचदा पहिला बरोबर दिसतो आणि दुसरा भलतीकडे जातो.

हे सगळं पाहिल्यावर मला एक गोष्ट उमगली. मी चेहऱ्याकडे, भाषेकडे बघत होतो, आणि बघायला हवं होतं ते कोण कधी काय मागतं याकडे. इथल्या खऱ्या नोकरीत मागण्यांचा एक क्रम असतो. आधी रेझ्युमे, मग बोलणं, मुलाखती, मग लेखी ऑफर. पासपोर्ट आणि बँकेचा खाते क्रमांक त्यानंतर. ऑफरच्या आधी त्यातलं काही मागितलं, तर थांबून ‘का’ विचारायचं. आणि पैसे तर कुठल्याच पायरीवर नाहीत. ‘लॅपटॉपसाठी चेक पाठवतो, तो भरा आणि आमच्या विक्रेत्याला पैसे द्या’ हा इथला जुना सापळा आहे. बँक चेकचे पैसे एक-दोन दिवसांत खात्यात दाखवते, चेक खोटा असल्याचं मात्र काही आठवड्यांनी कळतं. तोवर पाठवलेले पैसे आपले गेलेले.

हात पोळलेच असतील तर वेळ लावू नका. सोशल सिक्युरिटी नंबर दिला असेल, तर इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन तिन्हीकडे क्रेडिट फ्रीज करा, ते फुकट आहे. कोड चालवला असेल, तर दुसऱ्या मशीनवरून पासवर्ड बदला, आधी ईमेलचा आणि बँकेचा. तक्रार एफबीआयच्या ic3.gov वर, आणि भारतात १९३० या क्रमांकावर किंवा cybercrime.gov.in वर.

बिनफोटोच्या त्या बाईंच्या कंपनीत मी चौपन्नाव्या दिवशी रुजू झालो. दुपारी एचआरमधून बोलावणं आलं, आय-९ फॉर्मसाठी मूळ कागदपत्रं घेऊन या. मी पासपोर्ट टेबलावर ठेवला. संध्याकाळी आईला फोन करून सगळं सांगितलं, नोकरी गेल्याचंही.