कृष्णविवर विरते कसे

घटनाक्षितिज ही कृष्णविवराची सीमा. ती ओलांडून आत गेलेली वस्तू किंवा प्रकाशकिरण पुन्हा बाहेर येत नाही. या नियमाला कुठेही धक्का न लावता कृष्णविवराचे वस्तुमान हळूहळू घटू शकते आणि अखेरीस ते नाहीसे होऊ शकते, असे स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये गणिताने दाखवले. आतले काहीही बाहेर येत नसेल, तर वस्तुमान जाते कुठे, हाच या विषयातला खरा प्रश्न आहे.

त्याची सुरुवात दोन वर्षे आधी झाली. जेकब बेकेनस्टाइन या तरुण संशोधकाने क्षितिजाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात कृष्णविवराला एन्ट्रॉपी असली पाहिजे, असे सुचवले. एन्ट्रॉपी आहे म्हटले की तापमान आले, आणि तापमान असलेली वस्तू प्रारण सोडतेच. कृष्णविवर तर काहीच सोडत नाही, म्हणून हॉकिंग यांना ही कल्पना मुळीच पटली नव्हती. १९७३ मध्ये मॉस्कोत त्यांची याकोव्ह झेल्दोविच आणि अलेक्सेइ स्टारोबिन्स्की यांच्याशी चर्चा झाली. फिरणारे कृष्णविवर कण बाहेर टाकेल, असे त्या दोघांचे म्हणणे होते. हॉकिंग यांनी ते गणित स्वतःच्या पद्धतीने करून पाहिले, तेव्हा न फिरणारे कृष्णविवरही प्रारण सोडते, असे उत्तर आले. शिवाय ते प्रारण एखाद्या तापलेल्या वस्तूच्या प्रारणासारखेच होते. बेकेनस्टाइन यांचेच बरोबर होते.

यामागचे कारण समजण्यासाठी निर्वात पोकळीपासून सुरुवात करावी लागते. पुंज सिद्धांतानुसार पोकळी म्हणजे पूर्ण शून्यता नव्हे. विद्युतचुंबकीय क्षेत्रासारखी क्षेत्रे तिथेही असतात आणि त्यांची स्पंदने कधीच संपूर्ण थांबत नाहीत. क्षेत्राची ऊर्जा किमान असते, तेव्हा तिथे कण नाहीत, असे म्हटले जाते. मात्र ‘किमान’ कशाला म्हणायचे हे स्पंदने कोणाच्या घड्याळाने मोजली यावर ठरते. सपाट अवकाशात एकसमान वेगाने जाणाऱ्या सर्व निरीक्षकांचे त्याबाबत एकमत होते. अवकाश-काल वाकलेला असला की ते एकमत टिकत नाही.

तारा कोसळून कृष्णविवर बनत असतानाच्या काळाकडे हॉकिंग यांनी लक्ष दिले. कोसळण्यापूर्वी क्षेत्र पोकळीच्या स्थितीत आहे, असे धरू. क्षितिज तयार होण्याच्या ऐन क्षणाआधी त्याच्या अगदी कडेने निसटणाऱ्या लहरींना गुरुत्वाकर्षणाविरुद्ध बाहेर यावे लागते आणि त्या वाटेत त्या प्रचंड ताणल्या जातात. जी लहर जितकी उशिरा निसटते, तितका तिचा ताण झपाट्याने वाढत जातो. दूरचा निरीक्षक या लहरी आपल्या घड्याळाने मोजतो, तेव्हा मूळची पोकळी त्याला पोकळी दिसत नाही. त्याला कण दिसतात आणि वेगवेगळ्या ऊर्जांचे कण नेमके उष्ण वस्तूच्या प्रारणात असतात त्याच प्रमाणात आढळतात. मुक्तपणे आत पडणाऱ्या निरीक्षकाला मात्र क्षितिजापाशी विशेष असे काहीच जाणवत नाही.

आता वस्तुमानाचा हिशेब. क्षितिजाबाहेरील प्रत्येक लहरीची एक जोडीदार लहर आत असते. दूरवरून मोजली तर आतल्या लहरीची ऊर्जा ऋण ठरते. बाहेर अशी ऋण ऊर्जेची लहर टिकून राहू शकत नाही, क्षितिजाच्या आत मात्र राहू शकते, कारण तिथे काळ आणि अंतर यांच्या भूमिका बदललेल्या असतात. बाहेर धन ऊर्जा निघून गेली, आत ऋण ऊर्जा गेली, आणि तेवढ्याने कृष्णविवराचे वस्तुमान कमी झाले. सीमा ओलांडून काहीही बाहेर आलेले नाही.

हेच पुष्कळदा कणांच्या जोडीच्या चित्राने सांगितले जाते: क्षितिजाजवळ एक जोडी निर्माण होते, एक कण आत पडतो, दुसरा सुटतो. हे चित्र उपयोगी असले तरी शब्दशः घेण्यासारखे नाही. सूर्याच्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर असते आणि त्याच्या प्रारणातील ठळक लहरींची लांबी ४७ किलोमीटरच्या आसपास. लहर कृष्णविवराहून इतकी मोठी असताना कण क्षितिजावरील अमुक एका बिंदूपाशी जन्मला, असे म्हणण्याला अर्थ उरत नाही.

या कृष्णविवराचे तापमान निरपेक्ष शून्याच्या वर एका केल्विनच्या दहा कोटी भागांपैकी सुमारे ६ भाग भरते. साऱ्या विश्वात पसरलेले पार्श्वप्रारण २.७ केल्विनचे आहे. म्हणजे कृष्णविवर जेवढे सोडते त्याहून कितीतरी अधिक ऊर्जा गिळते आणि सध्या तरी वाढतच राहते. विश्व असेच प्रसरण पावत राहिले, तर पार्श्वप्रारण पुरेसे थंड व्हायला शेकडो अब्ज वर्षे लागतील. त्यानंतर खरी घट सुरू होईल आणि ती संपायला लागणारा काळ २ वर ६७ शून्ये इतकी वर्षे आहे. त्यापुढे आधीची शेकडो अब्ज वर्षे हिशेबातही येत नाहीत.

चुलीवरून उतरवलेले पातेले उष्णता गमावत गार होते. कृष्णविवराचे उलट आहे. वस्तुमान निम्मे झाले की तापमान दुप्पट होते आणि उत्सर्जन निदान चौपट. उरलेले आयुष्य मात्र एक अष्टमांशच राहते. त्यामुळे आयुष्याचा सात अष्टमांश भाग पहिले निम्मे वस्तुमान गमावण्यातच जातो आणि शेवट अतिशय घाईत होतो.

हा शेवट आज दिसायचा असेल, तर कृष्णविवर मुळातच लहान हवे. महास्फोटानंतरच्या पहिल्या क्षणांत, पदार्थाच्या अतिघन पुंजक्यांतून अशी आदिम कृष्णविवरे तयार झाली असण्याची शक्यता मांडली जाते. त्यांतले सुमारे ५० कोटी टन वस्तुमानाचे, म्हणजे एका डोंगराएवढे कृष्णविवर घेऊ. त्याचा आकार प्रोटॉनएवढा आणि तापमान २०० अब्ज केल्विनहून अधिक. ते अब्जावधी वॉट शक्तीने गॅमा किरण आणि इतर कण फेकत राहते आणि त्याचे आयुष्य साधारण विश्वाच्या आजच्या वयाइतकेच भरते. अखेरच्या सेकंदात उरलेले शेकडो टन वस्तुमान पूर्णपणे ऊर्जेत बदलते. ही ऊर्जा एक मेगाटनच्या दहा लाखांहून अधिक हायड्रोजन बॉम्बइतकी असते. अशा गॅमा किरणांच्या झोताचा शोध फर्मी दुर्बिणीसह अनेक उपकरणांनी घेतला, पण निर्विवाद असा एकही सापडला नाही. त्यामुळे अशी कृष्णविवरे असलीच तर फार विरळ आहेत, एवढे ठरवता आले आहे.

आकाशात पुरावा मिळत नसल्याने काही प्रयोग प्रयोगशाळेत झाले. इस्रायलमधील टेक्निऑन संस्थेत जेफ स्टाइनहाउअर यांनी अतिथंड रुबिडियम अणूंचा द्रव असा वाहवला की एका सीमेपलीकडे त्याचा वेग ध्वनीहून जास्त व्हावा. तिथून ध्वनिलहरी मागे येऊ शकत नाहीत, म्हणून ती सीमा ध्वनीसाठी क्षितिजच ठरते. तिच्या दोन्ही बाजूंना परस्परसंबद्ध लहरींच्या जोड्या आढळल्याचे त्यांनी २०१६ मध्ये जाहीर केले. यातून लहरींचे गणित तपासले जाते. खऱ्या गुरुत्वाकर्षणाची परीक्षा मात्र होत नाही.

सिद्धांताची स्वतःचीही एक मर्यादा आहे. हॉकिंग यांनी क्षेत्रांना पुंज नियम लावले, पण अवकाश-काल मात्र आइन्स्टाइन यांचाच ठेवला. कृष्णविवराचे वस्तुमान मिलिग्रॅमच्या सुमारे पन्नासाव्या भागापर्यंत उतरले की ही तडजोड चालत नाही, कारण तिथे गुरुत्वाकर्षणाचाच पुंज सिद्धांत लागतो आणि तो अजून पूर्ण तयार नाही. त्या टप्प्यावर कृष्णविवर पूर्णपणे संपते की एखादा सूक्ष्म अवशेष मागे राहतो, आणि आत पडलेल्या वस्तूंची माहिती प्रारणातून परत मिळते का, हे दोन्ही प्रश्न तिथेच अडकून आहेत. दुसरा प्रश्न स्वतः हॉकिंग यांनीच १९७६ मध्ये उपस्थित केला होता. माहिती नष्ट होते, असे तेव्हा त्यांचे मत होते. २००४ मध्ये त्यांनी ते बदलले.