अडकलेल्या पाचशे रुपयांचा माग

12 एप्रिल 2025 रोजी देशभर यूपीआय अडखळलं. समजा, तेव्हा अण्णा नगरच्या सेकंड अ‍ॅव्हेन्यूवर कुणी दुकानदाराला 500 रुपये पाठवले. खात्यातून पैसे गेले, दुकानात पोचल्याची खूण नाही. यंत्रणा सुरू झाल्यावर ते शोधायचे कसे?

ग्राहकाची बँक, एनपीसीआय आणि दुकानदाराची बँक यांच्या नोंदी बारा अंकी आरआरएन क्रमांकावर जुळवतात. बिघाडाआधीचा आणि नंतरचा थोडा वेळही धरायचा, कारण उत्तरं उशिरा येतात. क्रमांक वजावटीत आहे, जमेत नाही, तर व्यवहार अर्धवट. एकाच क्रमांकाची जमा दोनदा, तर दुबार. फक्त अ‍ॅपच्या नोंदीत असेल, तर विनंती वाटेतच हरवली. पैसे हललेच नाहीत.

खरी अडचण घाबरून पुन्हा पैसे पाठवणाऱ्याची. त्याचे दोन्ही क्रमांक वेगळे आणि वैध असतात. दोनदा खरेदी झाली की एकदाच, हे नोंदी सांगू शकत नाहीत. तिथे आपोआप परतावा देणं मला धोक्याचं वाटतं. दुकानाचं बिल पाहावंच लागतं. अर्धवट व्यवहाराचे पैसे मात्र रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमानुसार, दुकानाच्या बाबतीत, व्यवहारानंतर पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. पुढे रोज 100 रुपये भरपाई.