राजीनाम्यानंतरचं पत्र

‘माझा हिशेब लवकर करावा ही विनंती.’ नोकरी सोडलेल्या माणसाच्या पत्रात बहुतेक वेळा एवढंच असतं, आणि म्हणून ते पडून राहतं. एचआरमधल्या माणसाला त्यातून काहीच करता येत नाही. कोणती रक्कम, कशाची, कुठल्या तारखेपर्यंतची, हे सगळं त्यालाच शोधावं लागतं.

समजा, पुण्यातल्या एका कंपनीत एक हिशेबनीस 4 नोव्हेंबर 2019 ला लागला आणि शुक्रवार, 12 जून 2026 ला बाहेर पडला. पगार 45,000 रुपये, त्यात बेसिक 26,000. जूनच्या बारा दिवसांचे 18,000. कंपनीच्या नियमाप्रमाणे अठरा दिवसांच्या शिल्लक रजेचेही 18,000. नोटीस दहा दिवस कमी पडली म्हणून 15,000 वजा. हाती 21,000.

ग्रॅच्युइटी मात्र वेगळी. शेवटच्या बेसिकला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं आणि नोकरीच्या वर्षांनी गुणायचं. इथे नोकरी सहा वर्षं सात महिने झाली. सहा महिन्यांच्या वरचा काळ पूर्ण वर्ष धरतात, म्हणून सात वर्षं, 1,05,000 रुपये. नोटिशीचे पैसे या रकमेतून कापता येत नाहीत. पण एकाच कागदावर सगळी बेरीज-वजाबाकी मांडली की ही कपात सहज मिसळून जाते. त्यामुळे पत्रात ग्रॅच्युइटी वेगळ्या परिच्छेदात लिहावी, तिचा अर्जही वेगळा जोडावा.

मुदतीही दोन आहेत. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर थकलेलं वेतन कामाच्या दोन दिवसांत द्यायचं असतं. शनिवार-रविवार सुट्टी धरली, तर इथे मंगळवार, 16 जूनपर्यंत. ग्रॅच्युइटीला तीस दिवस. त्यानंतर व्याज लागतं.

मग पत्र असं उतरतं: ‘माझा राजीनामा आपण ईमेलने स्वीकारला आहे, प्रत सोबत आहे. लॅपटॉप व ओळखपत्र 12 जूनला जमा केल्याची पोचही जोडली आहे. वेतन व रजेचे मिळून 21,000 रुपये अद्याप जमा झालेले नाहीत. रिलीव्हिंग लेटर व अनुभवाचा दाखला मिळावा.’ हे दोन कागद एक नव्हेत. पहिला सांगतो की कंपनीने तुम्हाला कोणत्या तारखेला मोकळं केलं, दुसरा सांगतो की तुम्ही कोणत्या पदावर किती काळ काम केलं. नवी कंपनी बहुधा पहिला आधी मागते. पीएफ खात्यात नोकरी सोडल्याची तारीख भरायलाही याच पत्रात सांगावं. कंपनीने ती भरली नाही, तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी आपली आपण ऑनलाइन भरता येते.

पत्र ईमेलने पाठवावं आणि स्पीड पोस्टनेही, पावती जपून ठेवावी. ‘सर्व रक्कम मिळाली, काही येणं नाही’ असा छापील कागद सहीसाठी पुढे आला, तर आधी बँकेचं खातं पाहावं.