रत्नांच्या दुनियेत : भाग 11
टवका केवढा, घट केवढी?

अंगठीतल्या खड्याचा टवका उडाला की माणूस आधी तो तुकडा शोधतो. तो सापडत नाही आणि सापडला तरी त्याचा उपयोग नसतो, कारण रत्न जोडता येत नाही, फक्त घासता येतं. ओरखडा काढायचा म्हणजे त्याच्या भोवतालचा पृष्ठभाग त्याच्या तळापर्यंत खाली आणायचा. टवका काढायचा म्हणजे त्याच्या शेजारची सगळी कड आत घ्यायची. म्हणून ‘वजन किती घटेल?’ या प्रश्नाचं उत्तर नुसत्या टवक्याच्या आकारावर अवलंबून नसतं. ते आणखी दोन गोष्टींवर अवलंबून असतं : टवका कुठे आहे, आणि दुरुस्तीनंतर खडा किती नीटनेटका दिसायला हवा आहे. या आठवड्यात हा हिशोब नीट मांडून पाहू.

हा विषय हैदराबादच्या दारातूनच सुरू होतो. कुतुबशाहीच्या काळात गोवळकोंडा किल्ल्याजवळच्या कारवान भागात जवाहिऱ्यांची पेठ होती आणि कृष्णेकाठच्या कोल्लूरसारख्या खाणींचे हिरे गोवळकोंड्याच्या नावाने जगभर जात. सतराव्या शतकात फ्रेंच व्यापारी ताव्हर्निए या भागात फिरला. रावलकोंड्याच्या खाणीवरचे कारागीर कसं काम करतात, हे त्याने लिहून ठेवलं आहे. हिरा स्वच्छ असेल तर वजन घटू नये म्हणून ते त्याच्यावर नुसती सान फिरवत, आकार देण्याच्या भानगडीत पडत नसत. हिऱ्यात बारीक दोष किंवा ठिपका असेल तर मात्र अंगभर छोटे छोटे पैलू पाडत, म्हणजे दोष त्या पैलूंच्या गर्दीत लपून जाई. वजन राखायचं की रूप, हा प्रश्न तेव्हाही होता आणि इथल्या कारागिरांचं उत्तर ठरलेलं होतं : वजन राखा, दोष झाका.

उलट उत्तर दिल्याचं उदाहरणही याच मुलखातल्या एका हिऱ्याचं आहे. व्हिटेल्सबाख नावाचा निळा हिरा कोल्लूरच्या खाणीतला मानला जातो. 1722 साली लग्नसंबंधातून तो बव्हेरियाच्या राजघराण्यात गेला. डिसेंबर 2008 मध्ये लंडनला ख्रिस्टीजच्या लिलावात हिरेव्यापारी लॉरेन्स ग्राफ यांनी तो सुमारे 1 कोटी 64 लाख पौंडांना घेतला, तेव्हा त्याचं वजन 35.56 कॅरट होतं. शतकानुशतकं वापरात राहिल्याने त्याच्या कडेचे टवके उडाले होते आणि अंगावर ओरखडे होते. ग्राफ यांनी तो पुन्हा घासून घेतला. वजन 31.06 कॅरटवर आलं, म्हणजे साडेचार कॅरट, जवळजवळ पावणेतेरा टक्के, भुकटी होऊन गेलं. बदल्यात अमेरिकेच्या जीआयए या संस्थेने त्याची प्रत वर चढवली. आधीच्या रंगाच्या वर्णनातली करड्या छटेची नोंद निघाली, तो नुसता गडद निळा ठरला आणि आतून निर्दोष असा शेरा मिळाला. ऐतिहासिक हिऱ्याचं मूळ रूप पुसलं म्हणून संग्रहालयांच्या वर्तुळातून टीकाही भरपूर झाली. कोहिनूरचं 1852 चं कर्तन मात्र या हिशोबात धरू नये. जुन्या मापाने 186 कॅरटचा तो हिरा आज 105.6 कॅरट आहे, पण तिथे टवका काढायचा नव्हता, त्याला युरोपीय झळाळी द्यायची होती.

आता आपल्या बोटातल्या खड्याकडे येऊ. समजा, सव्वापाच रत्तीचा पुष्कराज आहे. राशीच्या खड्यांसाठी चालणारी पक्की रत्ती सुमारे 0.91 कॅरटची धरली तर तो 4.78 कॅरटचा झाला. लंबगोल, लांबी 10.6, रुंदी 8.8 आणि उंची 6.35 मिलिमीटर. त्याला तीन वेगवेगळ्या दुखापती झाल्या असं धरू.

पहिली दुखापत, वरच्या सपाट पैलूवर ओरखडे. हा पैलू, म्हणजे टेबल, अंगठीत सगळ्यात उघडा असतो, त्यामुळे ओरखडे आधी इथेच येतात. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा 7 असतो. पुष्कराज 9 चा आहे, त्यामुळे धूळ त्याचं काही बिघडवत नाही. त्याला ओरखडा आला तर तो बहुतेक वेळा डबीत शेजारी ठेवलेल्या हिऱ्याच्या अंगठीचा असतो. टेबल मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकं खाली घेतलं तर साधारण 0.02 कॅरट जातं, म्हणजे अर्धा टक्का. खडा 4.76 वर येतो. घरच्या साध्या काट्याला हा फरक कळणारही नाही.

दुसरी दुखापत, वीस-तीस वर्षांच्या वापराने सगळ्या पैलूंच्या धारा बोथट झाल्या आहेत. भिंगातून पाहिलं तर दोन पैलूंच्या मधली रेघ धारदार न दिसता पांढुरकी, खरखरीत दिसते. इथे एक पैलू घासून भागत नाही, सगळे घ्यावे लागतात. प्रत्येक बाजूने 0.03 मिलिमीटर गेलं तरी तिन्ही मापं थोडी थोडी उतरतात आणि एकूण सुमारे 2.2 टक्के घट होते. खडा 4.68 वर येतो. नुसत्या पॉलिशला एक ते तीन टक्के घट धरून चालावं.

तिसरी दुखापत खरी महागाची : कडेला 0.4 मिलिमीटर आत गेलेला टवका. खडा जिथे सगळ्यात रुंद असतो त्या कडेला कारागीर गर्डल म्हणतात. तिथून उडालेला तुकडा वजनाला कॅरटच्या हजाराव्या भागाच्या आसपास भरेल. पण तो घालवायला तीन वाटा आहेत.

पहिली वाट ताव्हर्निएने पाहिलेलीच. टवक्याच्या जागी एक जादा पैलू पाडायचा किंवा तेवढीच कड थोडी सपाट करायची. घट एक टक्क्याच्या आत राहते. खडा किंचित एकांगी होतो, पण ती बाजू कोंदणाच्या पकडीखाली गेली की कुणाच्या लक्षात येत नाही.

दुसरी वाट म्हणजे कड सगळीकडून 0.4 मिलिमीटर आत घ्यायची आणि वरखालच्या पैलूंना हात लावायचा नाही. कड हा खड्याचा सगळ्यात पातळ भाग असल्यामुळे इथेही घट तीन टक्क्यांच्या आसपासच राहते. पण मुळात 0.3 मिलिमीटर जाडीची कड आता 0.9 च्या पुढे जाते. खडा बोजड दिसतो आणि पट्टीच्या कोंदणात नीट बसत नाही.

तिसरी वाट म्हणजे कड आत घेऊन सगळे पैलू मूळच्याच कोनात नव्याने पाडायचे. खडा 9.8 बाय 8 मिलिमीटरचा होतो आणि उंचीही त्याच प्रमाणात उतरते. तिन्ही मापं साधारण आठ टक्क्यांनी घटली की वजन मात्र 23 टक्क्यांनी घटतं, कारण वजन लांबी, रुंदी आणि उंची यांच्या गुणाकाराने ठरतं. 4.78 चा खडा 3.68 वर येतो, सव्वापाच रत्तीचा चार रत्तीचा होतो. हजारांश कॅरटच्या टवक्यापायी अकराशे पट माल जातो, तो टवक्यामुळे नव्हे, प्रमाण सांभाळण्याच्या हट्टामुळे. प्रत्यक्षात चांगला कारागीर दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेच्या मध्ये थांबतो. खालचे पैलू नव्याने पाडतो, वरचे जमतील तेवढे राखतो आणि घट दहा-बारा टक्क्यांत बसवतो.

वजन वाचवण्याच्या नादात दोन गोष्टी बिघडतात. खालच्या पैलूंचा कोन फार उतरता केला की प्रकाश परत फिरत नाही, तळातून निघून जातो. पुष्कराज आणि नीलम यांच्यासाठी ही मर्यादा 35 अंशांच्या थोडी खाली आहे, म्हणून कारागीर 40 च्या वर राहतात. खडा टेबल वर करून वर्तमानपत्रावर ठेवा. मधून अक्षरं वाचता आली तर खिडकी पडली आहे असं समजा. दुसरी गोष्ट रंगाची. श्रीलंकेच्या बऱ्याच नीलमांत रंग सगळीकडे सारखा नसतो, तळाच्या टोकाशी दाटलेला असतो आणि वरून तो अख्ख्या खड्यात पसरलेला दिसतो. ते टोक घासलं गेलं तर खडा फिका पडतो आणि तो रंग परत येत नाही. ज्या नीलमात रंग भट्टीत वरच्या थरापुरताच मुरवलेला असतो, त्याला तर साधं पॉलिशही मानवत नाही.

काही खड्यांना सानेवर नेण्याआधी दोनदा विचार करावा. पाचूत बहुधा भेगा असतात आणि त्या तेलाने भरलेल्या असतात. घासताना ऊब लागली की तेल निघतं आणि आधी न दिसणाऱ्या भेगा उघड्या पडतात. त्याला पॉलिशनंतर पुन्हा तेल द्यावं लागतं आणि भेग पृष्ठभागापर्यंत आली असेल तर घासताना नवा टवका उडण्याची धास्ती असतेच. काचेने भरलेलं माणिक याहून नाजूक. आणि ज्या मोत्यांसाठी हैदराबाद प्रसिद्ध आहे त्यांना हा इलाज नाहीच. मोत्याला पैलू नसतात, थर असतात. आत मणी असलेल्या संवर्धित मोत्याचा वरचा थर बऱ्याचदा मिलिमीटरच्या आतच असतो आणि तो घासला तर आतला मणी उघडा पडतो.

चारमिनारजवळच्या पत्थरगट्टीत जा की पुण्यामुंबईच्या सराफ्यात, खडा देताना एवढं करा. तो अंगठीतून काढूनच द्या, कोंदणात ठेवून केलेलं पॉलिश फक्त टेबलापुरतं होतं आणि सोनंही खातं. तुमच्यासमोर दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत वजन करून घ्या, तिन्ही मापं पावतीवर लिहून घ्या, वरून आणि बाजूने फोटो काढा. तेल, भट्टी किंवा भरण झालेलं आहे का, हे तुमच्याकडच्या प्रमाणपत्रावर पाहून कारागिराला आधी सांगा. मग ‘घट किती?’ असं मोघम विचारू नका. ‘जादा पैलू पाडून किती, कड घेऊन किती आणि पूर्ण नव्याने पाडून किती?’ असे तीन आकडे मागा. जो एकच आकडा सांगतो, त्याने तुमच्या वतीने निर्णय आधीच घेतलेला असतो. 3.05 कॅरटचा खडा 2.95 झाला की कॅरटमागचा भावही उतरू शकतो, हेही त्या आकड्यांशेजारी मांडा. खडा राशीसाठी घातला असेल तर खंडित रत्न चालतं का आणि किमान किती रत्ती हवं, हे सानेवर चढवण्याआधी ठरवा. घासलेलं वजन परत येत नाही.

पुढच्या आठवड्यात : पाचूतलं तेल, ते का भरतात आणि घरी कसं ओळखायचं.